‘फिनलंडमध्ये परीक्षा नसतात’ : दोन देशांच्या शाळा ताडून कशा पाहाव्यात

गेल्या वर्षी एम.एड.ची एक विद्यार्थिनी लघुशोधप्रबंधाचा आराखडा घेऊन आली. पहिलंच वाक्य असं होतं : ‘फिनलंडमध्ये परीक्षा नसतात, तरीही तिथलं शिक्षण जगात सर्वोत्तम आहे, म्हणून महाराष्ट्रानेही परीक्षा बंद कराव्यात.’ मी पेन्सिल घेऊन फक्त ‘म्हणून’ या शब्दाखाली रेघ मारली आणि कागद परत दिला. ती म्हणाली, “सर, बाकीचं बरोबर आहे ना?” बाकीचंही बरोबर नव्हतं, पण ते तिचं तिलाच सापडावं असं वाटत होतं. पुढचे दोन महिने आम्ही त्या एका वाक्यावर काम केलं. तेच काम इथे पायरीपायरीने मांडतो. तौलनिक शिक्षण या विषयात नव्याने शिरणाऱ्याला शंभर व्याख्यांपेक्षा असं एक वाक्य सोलून बघणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत तुलना म्हणजे ‘इंग्लंडची शिक्षणपद्धती’, ‘अमेरिकेची शिक्षणपद्धती’, ‘भारताची शिक्षणपद्धती’ असे तीन मथळे आणि प्रत्येकाखाली दीड पान. ही तुलना नव्हे. या तीन वस्तू एका फळीवर नुसत्या मांडल्या आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले जॉर्ज बेरेडे यांनी १९६४ मध्ये या कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वर्णन, अर्थ लावणं, शेजारी-शेजारी मांडणं आणि मग तुलना. पद्धत जुनी आहे आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली आहे, पण शिकाऊ माणसाला तिच्यासारखी दुसरी सोपी काठी नाही. शिवाय तुलना सगळ्यात शेवटी येते, एवढं जरी तिने लक्षात आणून दिलं तरी पुष्कळ झालं.

पहिली पायरी : तिथे खरंच काय आहे ते लिहा

वर्णन करताना व्हिडिओ, भाषणं आणि वर्तमानपत्री लेख बाजूला ठेवायचे. त्या देशाचा शिक्षण कायदा, राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा आराखडा, शाळेचं वेळापत्रक आणि एखादी खरी प्रश्नपत्रिका या चार गोष्टी मिळवायच्या. फिनलंडच्या बाबतीत यातलं बरंच काही राष्ट्रीय शिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतही मिळतं.

विद्यार्थिनीने शोधायला सुरुवात केली आणि ‘परीक्षा नसतात’ हे वाक्य आठवड्याभरात मोडलं. फिनलंडमध्ये सातव्या वर्षी शाळा सुरू होते आणि नऊ वर्षांची एकसंध शाळा असते. त्या नऊ वर्षांत सगळ्या देशाला एकच पेपर, बोर्ड, निकालाच्या याद्या असं काही नाही, हे खरं. पण वर्गात शिक्षक चाचण्या घेतात आणि पुष्कळ घेतात. फिनिश मुलं त्याला ‘कोए’ म्हणतात. गुण ४ ते १० या पट्टीवर मिळतात आणि ४ म्हणजे नापास. नववीच्या गुणांची सरासरी काढतात आणि पुढच्या शाळेतला प्रवेश बहुतांशी तिच्यावर ठरतो. हेलसिंकीतल्या काही नावाजलेल्या शाळांना नऊच्या वर सरासरी लागते. त्यानंतर जी मुलं व्यावसायिक शिक्षणाकडे न जाता सामान्य उच्च माध्यमिक शाखा घेतात, त्यांना शेवटी राष्ट्रीय परीक्षा द्यावीच लागते. ती १८५२ पासून चालू आहे. एकेक पेपर सहा तासांपर्यंतचा असतो आणि पास झालं की डोक्यावर पांढरी टोपी चढते. विद्यापीठांच्या अर्ध्याहून जास्त जागा आता याच परीक्षेच्या गुणांवर भरतात. वर्गात मागे ठेवणंही कायद्याने शक्य आहे, फक्त ते क्वचित होतं.

मग ‘परीक्षा नसतात’ हे आलं कुठून? भाषांतरातून. इंग्रजीतल्या बहुतेक लेखांत ‘प्रमाणित राष्ट्रीय चाचण्या नाहीत’ असं असतं आणि ते अमेरिकी वाचकासाठी लिहिलेलं असतं, कारण तिथे २००२ च्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी राज्यपातळीवरच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. ते वाक्य मराठीत येताना ‘प्रमाणित राष्ट्रीय’ गळून पडलं आणि ‘परीक्षा’ उरली. म्हणून वर्णनाच्या पायरीवर माझा एक नियम आहे : कळीचा शब्द मूळ भाषेत काय आहे आणि तो उच्चारल्यावर तिथल्या मुलाच्या डोळ्यासमोर काय येतं, ते आधी लिहा. आपल्या मुलाला ‘परीक्षा’ म्हटलं की बाक क्रमांक आठवतो. तिकडे ‘कोए’ म्हटलं की मंगळवारचा गणिताचा तास आठवतो.

दुसरी पायरी : ते तसं का आहे?

इथे इतिहासात शिरावं लागतं आणि नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिनलंडमधल्या मुलांची दहा-अकराव्या वर्षी फाटाफूट व्हायची. काही विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जायची आणि बाकीची साध्या शाळेत राहायची. १९६८ च्या कायद्याने ही दोन दारं बंद करून सगळ्यांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आणली. पण ती एका दिवसात नाही आणली. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करून दक्षिणेकडे सरकत १९७७ पर्यंत ती देशभर पोहोचवली. त्याच सुमारास शिक्षकांचं प्रशिक्षण विद्यापीठांत गेलं आणि १९७९ पासून पहिलीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागू लागली. तेव्हा शाळांचा अभ्यासक्रम वरून आलेला आणि तपशीलवार होता, शाळांवर तपासनीस होते, पाठ्यपुस्तकांना सरकारी मंजुरी लागायची. गणित आणि भाषांमध्ये मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या करणं १९८५ मध्ये थांबलं. तपासनीस आणि पुस्तकांची मंजुरी तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली.

आता एक साधा हिशोब करा. फिनलंड जगाच्या नजरेत आलं ते पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या पहिल्या फेरीमुळे. ती २००० साली झाली आणि वाचनात फिनलंड ५४६ गुणांनी पहिलं आलं. चाचणी दिलेली मुलं पंधरा वर्षांची होती, म्हणजे जन्म १९८४ चा. ती शाळेत गेली १९९१ मध्ये. त्यांना शिकवणारे बहुतेक शिक्षक घडले होते सत्तर-ऐंशीच्या दशकात, म्हणजे तपासनीस आणि तपशीलवार अभ्यासक्रम असतानाच्या काळात. आपण मात्र २०१० नंतर तिथे पाहुणे म्हणून जातो, मोकळे वर्ग बघतो आणि म्हणतो, हेच यशाचं कारण. आजचा आंबा आजच्या पाण्याने पिकलेला नसतो. केंब्रिजचे टिम ओट्स यांनी हाच मुद्दा २०१५ मध्ये जरा तिखटपणे मांडला होता. मला त्यांचं सगळं पटत नाही. मोकळीक दिल्यावरही गुण बरीच वर्षं टिकले, त्याचं उत्तर नुसत्या जुन्या शिस्तीत मिळत नाही. पण वर्षांचा हिशोब मांडल्याशिवाय कारण सांगायचं नाही, हा त्यांचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे.

‘तरीही सर्वोत्तम’ या दाव्यालाही याच पायरीवर तारीख लावायची. फिनलंडचे गणिताचे गुण २००३ मध्ये ५४४ होते, २०१२ मध्ये ५१९ झाले आणि २०२२ मध्ये ४८४. सहभागी श्रीमंत देशांच्या सरासरीपेक्षा ते अजून वर आहेत, पण ‘सर्वोत्तम’ म्हणायचं तर कोणत्या साली, कोणत्या विषयात, हे सांगावं लागेल.

तिसरी पायरी : शेजारी-शेजारी मांडताना तागडीचा काटा ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडा वेळ थांबू. दोन गोष्टी शेजारी मांडायच्या तर दोन्हीकडे लागू पडेल असा एक काटा हवा. विद्यार्थिनीने ‘परीक्षा आहे की नाही’ हा काटा घेतला होता. तो काटा खोटा आहे, कारण एकच नाव दोन ठिकाणी वेगवेगळी कामं करतं आणि एकच काम दोन ठिकाणी वेगवेगळ्या नावाने चालतं. त्यामुळे नावाऐवजी काम धरायचं.

परीक्षा कोणती कामं करते? मूल कुठे अडलंय ते कळवते. पुढे कोणाला कुठे प्रवेश मिळणार ते ठरवते. शाळा नीट चालल्या आहेत का, ते सरकारला सांगते. आता हीच तीन कामं दोन्हीकडे कोण करतं ते बघा.

मूल कुठे अडलंय हे फिनलंडमध्ये वर्गशिक्षकाला चाचणीतून आणि रोजच्या कामातून कळतं. कळल्यावर शाळेतच विशेष शिक्षक असतो, तो आठवड्यातले काही तास त्या मुलाला बाजूला घेऊन बसतो. तिथल्या शाळेत साधारण पाचांतल्या एका मुलाला वर्षभरात कधी ना कधी अशी अंशकालीन मदत मिळत आली आहे. त्यामुळे ती घेण्यात लाज वाटावी असं काही उरत नाही. आपल्याकडे हेच काम २०१० नंतर ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना’वर सोपवलं गेलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचं नव्हतं आणि त्याच वर्षी राज्याने आकारिक आणि संकलित मूल्यमापनाची पद्धत आणली. हे धोरण फिनलंडवरून घेतलेलं नव्हतं. मुलं नापास होऊन शाळा सोडतात, ही त्यामागची आपली स्वतःची चिंता होती. पण अडलेल्या मुलाला मदत करायला माणूस कोण, हा प्रश्न मोकळाच राहिला. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्यानेच दोन शिक्षक. पहिली ते चौथी दोघांत वाटून घ्यायची आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. पुढे काय झालं ते शिक्षक असाल तर तुम्हाला माहीतच आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या. ‘वाचनात रुची दाखवतो’ हे वाक्य किती मुलांच्या वाट्याला आलं असेल! गावाने या सगळ्याला ‘ढकलपास’ हा एकच शब्द दिला.

दुसरं काम निवडीचं. फिनलंडमध्ये ते नववीची सरासरी आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षीची राष्ट्रीय परीक्षा करते. आपल्याकडे दहावी-बारावीचं बोर्ड आणि त्यावर प्रवेशपरीक्षा. इथे दोघांत वाटतो तितका फरक नाही, आणि आराखड्यातल्या वाक्याला सगळ्यात जास्त धक्का याच ओळीने बसला.

तिसरं काम शाळांवर नजर ठेवण्याचं. फिनलंड मोजक्या शाळांचा नमुना घेऊन मधूनमधून चाचणी घेतं आणि शाळानिहाय याद्या छापत नाही. बाकीचा भार शिक्षकाच्या पाच वर्षांच्या शिक्षणावर आणि त्याच्यावरच्या भरवशावर आहे. आपल्याकडे प्राथमिक शिक्षकाची किमान पात्रता बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका आहे आणि नजर ठेवायला केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि न संपणारी ऑनलाइन माहिती.

ही मांडणी एका कागदावर उभ्या दोन रकान्यांत करा आणि डावीकडे कामं लिहा. एखादा चौकोन रिकामा राहिला तर तो घाईने भरू नका. आमच्या कागदावर ‘अडलेल्या मुलाला जादा वेळ कोण देतं?’ या ओळीत महाराष्ट्राचा चौकोन रिकामा राहिला. खरं उत्तर तिथेच होतं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचे आकडे एका रकान्यात आणि पिसाचे दुसऱ्यात, असं कधी करू नका. असरचे स्वयंसेवक ग्रामीण भागात घरी जाऊन मुलाला एकेकट्याने वाचायला देतात आणि वाचनाची त्यांची सर्वांत वरची पातळी दुसरीच्या पाठाची असते. पिसा शाळेत बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांना दोन तासांचा पेपर देतं. एकात शाळा सोडलेलं मूल मोजलं जातं, दुसऱ्यात ते नसतंच.

चौथी पायरी : आता तुलना, म्हणजे कारणाची परीक्षा

‘परीक्षा कमी म्हणून शिक्षण चांगलं’ हा दावा असेल, तर त्याला खोटं पाडू शकेल असा तिसरा देश मुद्दाम शोधा. सिंगापूरमध्ये सहावीच्या शेवटी, बाराव्या वर्षी, राष्ट्रीय परीक्षा असते आणि तिच्यासाठी शिकवण्यांचा धंदा जोरात चालतो. २०२२ च्या पिसात गणितात तोच देश ५७५ गुणांनी पहिला होता. म्हणजे परीक्षेने यश येतं असं नाही, पण परीक्षा नसल्यानेच यश येतं, हा दावा तर नक्की पडला. मग दोघांत समान काय आहे ते बघायचं : शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांची कडक निवड, आणि मागे पडणाऱ्या मुलाला सुरुवातीलाच वेगळं शिकवण्याची सोय. तिसरा देश घेतल्याशिवाय दोन देशांवरून कारण काढलं, तर ते बहुधा आपल्याला आधीपासून आवडणारंच कारण निघतं.

उसनं आणल्यावर काय होतं : दक्षिण आफ्रिका

महाराष्ट्राने फिनलंड आणलं नाही, त्यामुळे संदर्भ सोडून आणलेल्या धोरणाचं उदाहरण दुसरीकडून घेऊ. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेला जुन्या, अपमानास्पद अभ्यासक्रमापासून तुटायचं होतं आणि तेही लवकर. ‘निष्पत्ती-आधारित शिक्षण’ अमेरिकेतल्या विल्यम स्पेडी यांच्या मांडणीतून आणि न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातल्या कौशल्य-पात्रतेच्या चौकटींतून उचललं गेलं. १९९७ मध्ये ‘करिक्युलम २००५’ जाहीर झाला आणि १९९८ मध्ये पहिलीपासून सुरू झाला. काय शिकवायचं हे वरून न सांगता, मुलाला शेवटी काय यायला हवं एवढंच सांगायचं. साहित्य आणि पाठ शिक्षकाने स्वतः घडवायचे. त्यासाठी ६६ विशिष्ट निष्पत्ती ठरवल्या होत्या.

शिक्षकाला स्वातंत्र्य, ही कल्पना वाईट नव्हती. पण जिथून ती आली तिथल्या शिक्षकाकडे ग्रंथालय होतं, झेरॉक्स होती, विषयाचं चांगलं शिक्षण होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुसंख्य शिक्षकांना वर्णभेदी राजवटीने मुद्दाम तोकडं शिक्षण दिलं होतं, वर्ग भरगच्च होते आणि नव्या पद्धतीत पाठ्यपुस्तकाचं महत्त्वच कमी केलेलं. पूर्वीच्या गोऱ्यांच्या सुस्थितीतल्या शाळांनी ती बऱ्यापैकी निभावली. गरीब शाळांत गटात बसणं आणि तक्ते आले, पण वाचन आणि पाढे मागे पडले. ज्यांच्यासाठी बदल केला तेच तोट्यात गेले. २००० मध्ये लिंडा चिशोल्म यांच्या समितीने आढावा घेतला, तेव्हा किचकट भाषा, अपुरं प्रशिक्षण आणि साहित्याचा तुटवडा हीच कारणं पुढे आली. दुरुस्त्या झाल्या, आणि अखेर २०१० मध्ये मंत्री अँजी मोत्शेगा यांनी ही पद्धत संपल्याचं सांगितलं. २०१२ पासून आलेल्या अभ्यासक्रमात कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं ते पुन्हा छापलेलं होतं.

यात एक बारकावा आहे. धोरण बहुधा ‘ते उत्तम आहे’ म्हणून आणलं जात नाही; घरातल्या भांडणात ते उपयोगी पडतं म्हणून आणलं जातं. दक्षिण आफ्रिकेला ‘आम्ही जुनं मोडलं’ हे दाखवायचं होतं. तौलनिक शिक्षणाच्या अभ्यासक गीता स्टायनर-खामसी यांनी अनेक देशांत हेच दाखवलं आहे : परदेशाचं नाव घेतलं की घरचा विरोधक गप्प बसतो. म्हणून ‘अमुक देशात असं करतात’ हे वाक्य कानावर आलं की त्या देशाआधी बोलणाऱ्याकडे बघा. त्याला इथे काय हवंय?

उसनवारी फक्त देशादेशांत होते असंही नाही. २०१५ च्या सुमाराला साताऱ्याच्या कुमठे बीट या शाळांच्या गटातल्या, फरशीवर आखलेल्या खेळांतून शिकवणाऱ्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. परतल्यावर ठिकठिकाणी वर्गाच्या फरश्या रंगल्या. रंग डब्यातून आणता येतो. तिथल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं एकत्र बसून केलेलं काम डब्यात मावत नाही. गिरवलेलं धोरण ओळखायची माझी खूण हीच आहे : भिंती, फरशा, नमुने आणि शब्द बदललेले दिसतात, पण शिक्षकाचा सोमवार सकाळी दहा ते पाचचा दिवस जसाच्या तसा असतो. शाळेत गेलात तर तक्ते पाहू नका. शेवटच्या बाकावरचं एक मूल निवडा आणि दिवसभरात त्याच्याशी कोण किती वेळ बोललं ते घड्याळ लावून लिहा.

विद्यार्थिनीच्या आराखड्यातून पहिलं वाक्य शेवटी गेलंच, आणि ‘म्हणून’ही गेलं. फिनलंड एका प्रकरणापुरतं उरलं. नवा प्रश्न त्या रिकाम्या चौकोनातून आला : मूल वजाबाकीत अडल्याचं शिक्षकाच्या लक्षात आल्यापासून त्याला कोणीतरी वेगळा वेळ देईपर्यंत किती दिवस जातात? आता ती दर बुधवारी तालुक्यातल्या चार द्विशिक्षकी शाळांत जाते, वहीत दोन तारखा लिहिते, आणि दुसऱ्या तारखेचा रकाना बऱ्याचदा कोराच घेऊन परत येते.